एक की नऊ?

[दृश्य: अमळनेर. पेढीची गादी, लाल वही, पानावर टेकलेलं बोट]

कापूस खरेदीची ही पेढी आप्पा आणि नानांची. वही इथे, हिशेब लिहिणारा धुळ्याला. म्हणून भांडवल खात्याचं पान मोबाइलवर जातं. दोघांचे स्तंभ शेजारी शेजारी, डावीकडे नावे, उजवीकडे जमा.

[दृश्य: पान जवळून]

आधी जमा बाजू वाचायची. १ एप्रिलची मागील शिल्लक आप्पांची ४,००,०००, नानांची ३,००,०००. त्याखाली आप्पांच्या स्तंभात आणखी १,००,०००, तारीख १ ऑक्टोबर. कापसाचा हंगाम तोंडावर होता, पैसा हवा होता.

ही तारीख फोटोत नीट दिसली पाहिजे, कारण व्याज तिच्यावर ठरतं. भागीदारी करारात भांडवलावर दर साल दर शेकडा १० लिहिलंय. आप्पांच्या चार लाखांना वर्षाचं व्याज ४०,०००. नव्या लाखाला सहाच महिन्यांचं, म्हणजे ५,०००. एकूण ४५,०००. नानांचं ३०,०००. अखेरच्या शिल्लकेवर व्याज लावणारे महाभागही भेटतात, त्यांचं असो.

[दृश्य: वहीची घडी, त्यात अडकलेला आकडा]

आता नावे बाजू. आप्पांची उचल ६०,०००. नानांची मात्र नेमकी घडीत. १४,००० की ९४,०००? मुनिमी अक्षरात एकाची शेपटी जरा वळली की नऊ होतो.

हिशेबवाल्याने फोन लावला. "नाना, हाऊ एक शे का नऊ?"

नानांना आठवेना. मग वहीचं दुसरं पान उघडलं, तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लका एकत्र मांडलेली यादी. आमच्या मते फोटो मोठा करत बसण्यापेक्षा हे बरं. तिथे दोघांची मिळून उचल १,५४,०००. त्यातून आप्पांचे ६०,००० वजा केले की उरतात ९४,०००. नऊच.

[दृश्य: पेन्सिलने बेरीज]

दोघांचं व्याज देऊन उरलेला नफा १,२०,०००, निम्मा निम्मा. आप्पांचे मागील ४,००,०००, नवे १,००,०००, व्याज ४५,०००, नफा ६०,०००; उचल ६०,००० वजा. अखेरची शिल्लक ५,४५,०००. नानांचे ३,००,०००, व्याज ३०,०००, नफा ६०,०००; उचल ९४,००० वजा. शिल्लक २,९६,०००.

उचलीवर व्याज करारात नाही, म्हणून धरलं नाही. भांडवलावरचं व्याजही करारात होतं म्हणून मिळालं, आणि तेही नफ्यातूनच. १९३२ चा भागीदारी कायदा तेच सांगतो.

एक वाचला असता तर नानांची शिल्लक ८०,००० ने फुगली असती, आणि पुढच्या वर्षी त्यावर ८,००० जादा व्याज गेलं असतं.

[दृश्य: नानांच्या स्तंभात शाईने लिहिलं जातंय: १ एप्रिल, मागील शिल्लक २,९६,०००]