‘ती चांगली गाते’मधली ‘चांगली’

(डिचोली येथे स्पर्धा परीक्षांचे उमेदवार आणि मराठीचे शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

फळ्यावर तीन वाक्ये लिहिली आहेत, ती आधी वाचा. ‘मानकुराद गोड असतो.’ ‘तो फार गोड बोलतो.’ ‘आजोबांना गोड चालत नाही.’ तिन्हींत ‘गोड’खाली रेघ आहे आणि प्रश्न नेहमीचाच आहे: अधोरेखित शब्दाची जात ओळखा. पहिल्यात विशेषण, दुसऱ्यात क्रियाविशेषण, तिसऱ्यात नाम. उत्तर मी सांगून टाकले, कारण मला बोलायचे आहे ते उत्तरापर्यंत कसे पोहोचायचे त्याबद्दल. शब्द तिन्हीकडे तोच, अक्षरे तीच, अर्थही जवळपास तोच. तेव्हा शब्दाकडे कितीही वेळ बघत बसलो तरी जात कळणार नाही.

आपल्या भागात या शब्दात आणखी एक गंमत आहे. घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलाला ‘गोड’ म्हणजे गूळ. पातोळ्यांत घालतात ते माडाचें गोड. त्यामुळे आपल्या मुलाला ‘गोड’ नाम असू शकते हे शिकवावे लागत नाही, उलट कधीकधी ते सगळीकडेच त्याला नाम वाटते. मराठीत ‘आजोबांना गोड चालत नाही’ म्हणताना गूळ अभिप्रेत नाही. ‘गोड पदार्थ’ यातला ‘पदार्थ’ गळाला आणि विशेषणाने त्याची जागा घेतली.

हे असे का होते ते थोडक्यात सांगतो. आपण ज्या आठ जाती पाठ करतो ती मांडणी एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून मराठीत रुळली. यास्काच्या निरुक्तात शब्दांच्या जाती 4 आहेत: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. विशेषणाला तिथे वेगळे घर नाही, ते नामातच मोडते. आणि संस्कृतात ‘मधुरं गायति’ म्हणतात तेव्हा ते क्रियाविशेषण म्हणजे विशेषणाचेच नपुंसकलिंगी एकवचनी रूप असते. नाम, विशेषण आणि क्रियाविशेषण ही तिन्ही मूळची एकाच घरातली, म्हणून त्यांची ये-जा आजही चालू आहे.

आता पहिली अडचण. वर्गात सर्रास सांगतात की क्रियापदाला ‘कसा, कशी, कसे’ विचारा, उत्तर आले की ते क्रियाविशेषण. ही युक्ती अर्धीच खरी आहे. ‘तो कसा बोलतो?’ गोड. ‘मानकुराद कसा असतो?’ तोही गोड. प्रश्न एकच, उत्तर एकच, जाती मात्र दोन. ‘कसा’ हा शब्द स्वतःच कधी विशेषण असतो, कधी क्रियाविशेषण, मग तो निवाडा कसा करणार? त्याऐवजी शब्द काढून बघा. ‘तो बोलतो’ हे पुरे वाक्य आहे. ‘मानकुराद असतो’ म्हटले की ऐकणारा थांबून राहतो. असणे, होणे, दिसणे, वाटणे आणि चवीचे लागणे या क्रियापदांना पूरक लागते, आणि कर्त्याचा गुण सांगणारे ते पूरक म्हणजे विशेषण. नामाच्या आधी येते ते अधिविशेषण आणि नंतर येते ते विधिविशेषण, हे पुस्तकात असते. पण विशेषण म्हटले की नामाला चिकटून आधीच येणार, ही समजूत इतकी घट्ट असते की ‘असतो’च्या शेजारी बसलेला ‘गोड’ मुलाला क्रियाविशेषण वाटतो.

नामाचे ओळखणे सोपे, असे आपण समजतो. प्रत्यय लागला की नाम. ‘शहाण्याला शब्दाचा मार’ यात ‘शहाण्याला’ नाम, बरोबर. पण ‘वरचा मजला’, ‘आतून कडी लाव’, ‘कालचा पाऊस’ यांतही प्रत्यय आहेत. ‘वर’, ‘आत’ यांना नाम म्हणायला आपण तयार नसतो. स्थळ-काळाची अव्यये ‘चा’ आणि ‘ऊन’ सहज घेतात. म्हणून नुसत्या प्रत्ययावर भिस्त ठेवू नका.

याचे सर्वांत चांगले उदाहरण ‘मोठा’. हे वाक्य घ्या: ‘मोठ्याने धाकट्याला हाक मारली.’ जात सांगा. काही जण नाम म्हणताहेत, काही क्रियाविशेषण. दोघेही बरोबर आहात, कारण वाक्यच दुहेरी आहे. थोरल्या भावाने हाक मारली असेल तर ‘मोठ्याने’ कर्ता झाला, म्हणजे नाम. कुणीतरी आवाज चढवून हाक मारली असेल तर क्रियाविशेषण. विशेषणापासून साधलेल्या क्रियाविशेषणांच्या यादीत ‘मोठ्याने’ पुस्तकात नेहमी असतो, आणि यादी पाठ असलेला मुलगा वाक्य न वाचताच खूण करतो. पुढचे वाक्य वाचा: ‘मोठ्याने मोठ्याने हाक मारली आणि धाकटा धावत आला.’ इथे दोन्ही जाती शेजारी-शेजारी उभ्या आहेत.

मग ओळखायचे कसे? अनेकवचन करून बघा. ‘मोठ्यांनी लहानांना सांभाळून घ्यावे.’ अनुस्वार आला की प्रश्न मिटला, ते नामच. आवाज कितीही जणांनी चढवला तरी ‘मुले मोठ्यांनी ओरडली’ असे आपण म्हणत नाही, ‘मोठ्याने ओरडली’ असेच म्हणतो. हाच अनुस्वार विशेषणापासूनही नाम वेगळे करतो. ‘मोठ्या माणसांनी’ यात अनुस्वार ‘माणसां’वर आहे, ‘मोठ्या’ कोरा. ‘माणसां’ गळाले की तो अनुस्वार आणि तो प्रत्यय दोन्ही ‘मोठ्या’कडे येतात: ‘मोठ्यांनी’. नामाचे ओझे उचलले म्हणून त्याला नामाची जात. परीक्षेत अधोरेखित शब्दावर असा अनुस्वार आणि पुढे प्रत्यय दिसला, आणि शब्द मुळात विशेषण असला, तर फार विचार करू नका.

आता ज्यासाठी मी इतकी वाट काढत आलो ते वाक्य. ‘ती चांगली गाते.’ बहुतेकांचे उत्तर ‘विशेषण’ येते आणि त्यामागचा तर्क चुकीचा असला तरी प्रामाणिक आहे. ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते, ती मुले चांगली गातात’, शब्द बदलतोय. आपणच शिकवलेले असते की क्रियाविशेषण हे अव्यय आहे आणि अव्यय बदलत नाही. म्हणजे बदलते ते विशेषण. इथे दोष मुलाचा नाही, नावाचा आहे. क्रियाविशेषण आणि क्रियाविशेषण अव्यय ही दोन नावे आपण एकच समजून वापरतो. ‘हळू’, ‘लवकर’, ‘मोठ्याने’ बदलत नाहीत, ती अव्यये. ‘चांगला’ गाण्याबद्दल सांगतो म्हणून क्रियाविशेषण, पण बदलतो म्हणून अव्यय नव्हे. पर्यायांत ‘क्रियाविशेषण’ असे लिहिलेले असेल तर निर्धास्त खूण करा. ‘क्रियाविशेषण अव्यय’ आणि ‘विशेषण’ एवढेच पर्याय असतील तर प्रश्न काढणाऱ्याने कार्य बघितले असावे असे धरून पहिला निवडा.

ते क्रियाविशेषणच आहे हे कशावरून? ‘ती चांगली गाते’ यावरून ‘ती चांगली आहे’ असे म्हणता येते का? नाही. गाणे चांगले, स्वभावाचे आपल्याला माहीत नाही. शिवाय ‘चांगल्या रीतीने गाते’ असे बदलले तरी अर्थ तोच राहतो. आता हीच कसोटी ‘आंबा गोड लागतो’ला लावा. यावरून आंबा गोड आहे हे सरळ निघते, आणि ‘गोड रीतीने लागतो’ म्हणता येत नाही. म्हणून तिथे विशेषण.

आणि हा बदलणारा शब्द कुणाप्रमाणे बदलतो तेही बघून ठेवा, कारण त्यात एक सुंदर शिस्त आहे. ‘ती चांगली गाते’, हा कर्तरी प्रयोग. क्रियापद कर्त्याप्रमाणे, ‘चांगली’ही कर्त्याप्रमाणे. ‘तिने अभंग चांगला गायला’, हा कर्मणी. क्रियापद अभंगाप्रमाणे पुल्लिंगी झाले आणि गाणारी बाई असूनही ‘चांगला’ झाले. ‘तिने त्याला चांगले झोडपले’, हा भावे. क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी, ‘चांगले’ही तसेच. तिन्ही प्रयोगांत शब्द क्रियापदाच्या लिंग-वचनाबरोबर चालतो, कारण तो क्रियापदाचा माणूस आहे. याउलट ‘तिने चांगला अभंग गायला’ यातला ‘चांगला’ अभंगाचा. प्रयोग बदलून ‘ती चांगला अभंग गाते’ केले तरी तो अभंगाला सोडत नाही.

ही शिस्त नेहमी पाळली जाते असे मात्र नाही. ‘ती अभंग चांगला गाते’ असे आपण सगळेच बोलतो. क्रियापद स्त्रीलिंगी, ‘चांगला’ मात्र अभंगाकडे झुकलेला. रूपावरून इथे निर्णय होत नाही, अर्थावरून करावा लागतो. कौतुक अभंगाच्या रचनेचे नाही, तिच्या गायनाचे आहे, म्हणून क्रियाविशेषण.

रूपावर विसंबणाऱ्याला चकवणारी एक जोडी सांगतो. ‘त्याने भिंत चांगली रंगवली.’ ‘त्याने भिंत पांढरी रंगवली.’ दोन्ही कर्मणी, दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, जागा एकच. पण पहिल्यात रंगवण्याचे काम चांगले झाले, दुसऱ्यात काम पांढरे झाले नाही, भिंत पांढरी झाली. पहिले क्रियाविशेषण, दुसरे विशेषण. असे प्रश्न पुस्तकांत कमी दिसतात, पण शिक्षकांनी ते वर्गात घ्यावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. घोकलेली यादी इथे उपयोगी पडत नाही, वाक्य समजून घ्यावेच लागते.

मागे एका ताईंनी हात वर केला आहे. त्यांचे वाक्य असे: ‘तिने चवथीला पातोळ्या गरम खाल्ल्या.’ ‘गरम’ची जात कोणती? ‘गरम’ कोणत्याही लिंगात बदलत नाही, म्हणून रूपाची काहीच मदत नाही. शब्द काढला तरी वाक्य पुरे राहते, म्हणजे ती कसोटीही क्रियाविशेषणाकडे ढकलते. पण ‘गरम रीतीने खाल्ल्या’ होत नाही, आणि खाताना गरम होत्या त्या पातोळ्या. विशेषणच. शब्द काढून बघण्याची कसोटी असणे-होणे-दिसणे यांच्यासाठी आहे, खाणे-पिणे यांना ती पुरत नाही. हेच वाक्य थोडे बदलून ‘तिने पातोळ्या पटापट खाल्ल्या’ करा, म्हणजे फरक लगेच दिसेल. पटापट काय झाले, पातोळ्या की खाणे?