ओडी म्हणजे सकाळीच, असं नाही

(दृश्य: नौपाडा, ठाणे. ओट्यावर चहाचं आधण, शेजारी गोळ्यांची बाटली.)

या आजी ७६ वर्षांच्या. दुसऱ्या मजल्यावर एकट्याच राहतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन गोळ्यांपुढे एकच शब्द होता, ओडी. एक थायरॉईडची, ५० मायक्रोग्रॅमची, आणि दुसरी कॅल्शिअमची.

ओडी म्हणजे दिवसातून एकदा. कधी, हे त्यात येत नाही. आजींनी दोन्ही गोळ्या सकाळी चहाबरोबर घेतल्या. यात त्यांना बोल लावता येणार नाही, चिठ्ठीवर वेळ लिहिलेलीच नव्हती. पुढच्या तपासणीत रक्तातलं टीएसएच वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉईडचं औषध शरीराला कमी पडत होतं. अंगात त्राण नसायचं. डोस वाढवायचा विचार चालला होता, पण त्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "आजी, गोळ्या कशा घेता? जरा सगळं सांगा बरं."

तिथेच उलगडा झाला. कॅल्शिअम थायरॉईडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, ती रक्तात नीट उतरत नाही. चहा-कॉफीनेही तेच होतं. म्हणजे गोळी रोज घेतली जात होती, पण तिचा बराच भाग वाया जात होता.

आता साडेसहाला उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी, साध्या पाण्याबरोबर. चहा साडेसातला. कॅल्शिअम दुपारी जेवल्यावर, एकच्या सुमारास. या दोन गोळ्यांत निदान चार तासांचं अंतर हवं. डोस तोच ठेवला, आणि सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचं ठरलं.

बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना. एसओएस असेल तर त्रास झाला तरच, रोज नाही. जेवणाआधी असेल तर एसी लिहितात, जेवणानंतर असेल तर पीसी. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर अंदाज बांधू नका. औषधाच्या दुकानातच विचारा, "ही उपाशीपोटी की जेवून? दुसऱ्या गोळीबरोबर चालेल का?" आणि उत्तर तिथल्या तिथे खोक्यावर मराठीत लिहून घ्या.

(दृश्य: गॅसवरची फळी. हात बाटली उचलतो.)

थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली इथे होती, गॅसच्या वर. उष्णता आणि वाफ, त्यात पावसाळ्यात ठाण्याची हवा आधीच ओली. ही गोळी दमट हवेत आणि उजेडात खराब होते. म्हणून बाटली आता झोपायच्या खोलीतल्या कपाटात असते, झाकण घट्ट लावून. आतली ओल शोषणारी छोटी पुडी काढून टाकायची नाही. लेबलवर लिहिलं नसेल तर फ्रिजमध्येही ठेवायची नाही.

कॅल्शिअमच्या पट्टीची गोष्ट वेगळी. मुदतीची तारीख बहुतेक एकाच टोकाला छापलेली असते. आजी आधी तेच टोक फोडायच्या, मग उरलेल्या गोळ्यांची मुदत कळायचीच नाही. आता त्या दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करतात. दुकानदार पट्टी कापून देत असेल, तर तारीख बघून ती खोक्यावर लिहून घेतात.

(दृश्य: पेनाने खोक्यावर ठळक अक्षरं, "दुपारी, जेवून".)