शेवटची ईमेल आधी लिहा

नमस्कार, श्रोतेहो. वर्षअखेरच्या क्लिअरन्स सेलसाठी ईमेलची मालिका आखताना बहुतेक जण पहिल्या ईमेलपासून सुरुवात करतात. माझं म्हणणं, शेवटची आधी लिहा आणि तिथून मागे या.

समजा, सेल ३१ डिसेंबरला रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी संपतोय. मग शेवटची ईमेल त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटायला हवी. दहा वाजता पाठवलीत तर यादी मोठी असल्यास सगळ्यांपर्यंत पोहोचेतोवर वेळ निघून जाते, आणि ज्यांना मिळते त्यांतले अनेक झोपलेले असतात. त्याच दिवशी सकाळी एक, २९ तारखेला एक आणि २६ला पहिली. अशा चार पुरतात.

खरी गोम पुढे आहे. "तीनच दिवस उरले", "एकच दिवस उरला" एवढाच बदल करून तीच ईमेल पुन्हा धाडली, तर लोक ती न उघडताच काढून टाकतात. प्रत्येक वेळी सांगायला काहीतरी नवं हवं. २६ला काय काय सेलमध्ये आहे आणि कधी संपणार, ते सांगा. २९ला साठ्याची खबर द्या: कोणते साइज संपले, कशाचे मोजकेच नग उरलेत. क्लिअरन्समध्ये माल परत भरायचा नसतो, त्यामुळे ही घाई खरी असते. ३१च्या सकाळी परतीचे नियम आणि डिलिव्हरीची तारीख सांगा, कारण लोक बहुधा तिथेच अडतात. संध्याकाळी दोन ओळी आणि एक बटण, बस्स.

ही संध्याकाळची ईमेल सगळ्यांना पाठवू नका. ज्यांनी आधीच्या ईमेलमधल्या लिंकवर क्लिक केलं पण खरेदी केली नाही, त्यांनाच पाठवा. उघडली की नाही, यावर मात्र भिस्त ठेवू नका. ॲपलने २०२१ मध्ये मेलमध्ये आणलेली गोपनीयतेची सोय ईमेलमधली चित्रं आधीच उतरवून ठेवते, आणि ईमेल उघडल्याची नोंद चित्र उतरण्यावरूनच होते, त्यामुळे न वाचलेली ईमेलही उघडल्यासारखी दिसते. आणि खरेदी झालेल्यांची नावं प्रत्येक ईमेलच्या आधी गाळा. काल ज्यानं पैसे भरले, त्याला आज जास्त सूट दिसली की तो चिडतोच.

उलट मोजणीचं हलतं घड्याळ अनेकांना आवडतं. ते असतं साधं चित्रच. आधी उतरवून ठेवलं गेलं, तर वाचणाऱ्याला जुनीच वेळ दिसू शकते. म्हणून तारीख, वेळ आणि कुठल्या देशाची वेळ, हे साध्या अक्षरांतही लिहा.

एक जानेवारीच्या सकाळीही कुणी ना कुणी ती लिंक दाबणारच. तिथे रिकामं पान नको. सेल संपल्याची एक ओळ आणि नेहमीच्या दराचा माल दिसू दे.