वीन ब्रिज ऑसिलेटर: गेन तीन म्हणजे नक्की किती?

(सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेल्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित लिखाण)

नमस्कार मंडळी. आज एकच सर्किट घेणार आहे, वीन ब्रिज, आणि त्यातही मुख्य बोलायचंय ते गेनबद्दल. कारण फ्रिक्वेन्सीचा फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो, ब्रेडबोर्डवर सर्किट लागतंसुद्धा, पण आउटपुटला एकतर काहीच येत नाही नाहीतर डोकं छाटल्यासारखी चपटी वेव्ह येते, आणि मग माणूस आयसी बदलत बसतो. आयसीचा त्यात बहुतेक वेळा काहीच दोष नसतो.

उदाहरण आपल्या भागातलंच घेऊया. मिरजेत सतारी-तंबोरे बनतात, तिथल्या एखाद्या कारखान्यात ठेवायला एक छोटी डबी करायची, बटण दाबलं की पेटीवरच्या मधल्या सप्तकातली काळी एक वाजली पाहिजे, स्वच्छ साइन वेव्ह. 440 चा ए धरला तर काळी एक येते साधारण 277.2 हर्ट्झवर. मोबाईलवर ॲप आहेत हे मला माहितीये, पण आपल्याला सर्किट शिकायचंय आणि ह्या उदाहरणात कान लगेच चूक पकडतो, म्हणून हे घेतलं.

आता ब्रिजची एक बाजू बघा. ऑप-ॲम्पच्या आउटपुटपासून एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर सिरीजमध्ये, ते येतात प्लस पिनवर, आणि प्लस पिनपासून ग्राउंडला तेवढाच रेझिस्टर आणि तेवढाच कपॅसिटर, पण पॅरलेलमध्ये. खूप खालच्या फ्रिक्वेन्सीला सिरीजवाला कपॅसिटर सिग्नल अडवतो, खूप वरच्या फ्रिक्वेन्सीला पॅरलेलवाला कपॅसिटर सिग्नल ग्राउंडला नेतो, म्हणजे मधेच कुठेतरी जास्तीत जास्त सिग्नल प्लस पिनवर पोचणार. ते ठिकाण म्हणजे

```
f = 1 / (2πRC)
```

ह्या फ्रिक्वेन्सीला कपॅसिटरचा रिॲक्टन्स बरोब्बर आर एवढा असतो. मग सिरीज बाजूचा इम्पीडन्स होतो R(1 − j) आणि पॅरलेल बाजूचा R/(1 + j), आणि हे दुसरं सोडवलंत तर येतं R(1 − j)/2. बघा, दोघांचा कोन एकच, आणि सिरीजवाला पॅरलेलवाल्याच्या बरोब्बर दुप्पट! म्हणजे आउटपुटचे तीन भाग केले तर दोन भाग वर पडतात आणि एक भाग प्लस पिनवर येतो, फेज शिफ्ट शून्य. एक तृतीयांश जे म्हणतात ते इथून आलंय, आणि एक तृतीयांश आलं म्हणून ॲम्प्लिफायरने तीन पट करून परत द्यायचं. हे एकदा कागदावर स्वतः सोडवा, परत कधी पाठ करायला लागणार नाही.

आपल्या डबीसाठी कपॅसिटर 47 नॅनोफॅरडचे घेतले तर आर येतो जवळपास 12.2 के. 12 के आणि 220 ओहम सिरीजमध्ये जोडा, 12.22 के झाले, फ्रिक्वेन्सी 277.1. कागदावर तर फारच छान. पण दुकानातला कपॅसिटर 5 टक्के टॉलरन्सचा असतो, दोन्ही 5 टक्क्यांनी चुकले तर फ्रिक्वेन्सीसुद्धा जवळजवळ 5 टक्के हलते, आणि पेटीवर एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर जायचं तर फरक असतो जेमतेम 6 टक्के. म्हणजे काळी एक करायला गेलो आणि पांढरी एकच्या जवळ जाऊन बसलो असं होऊ शकतं. म्हणून पाच-सहा कपॅसिटर आणून कपॅसिटन्स मीटरवर मोजा, त्यातली जोडी निवडा आणि मग तिच्याप्रमाणे रेझिस्टर ठरवा. आणि कपॅसिटर फिल्मचेच घ्या, ते चौकोनी डबीसारखे येतात ते, हाय-के सिरॅमिकवाले तापमानाने हलतात, व्होल्टेजनेसुद्धा हलतात, स्वर स्थिर राहणार नाही.

बरं, जोडी निवडायचं आणखी एक कारण आहे आणि ते फारसं कोणी सांगत नाही. तीन हा आकडा दोन्ही आर सारखे आणि दोन्ही सी सारखे असतील तरच खरा. नसतील तर लागणारा गेन असा:

```
A = 1 + R1/R2 + C2/C1
```

एक नंबर सिरीजवाले, दोन नंबर पॅरलेलवाले. आता समजा सिरीजचा कपॅसिटर 5 टक्के कमी निघाला आणि पॅरलेलचा 5 टक्के जास्त, तर C2/C1 होतो 1.105, म्हणजे गेन लागणार 3.105. तुम्ही अगदी मोजूनमापून 3.05 चा गेन ठेवला असेल तरी सर्किट ढिम्म हलणार नाही, आणि तुम्हाला वाटणार की तीनपेक्षा जास्त तर दिलाय मग अडलंय कुठे.

आणि समजा सगळं तंतोतंत जुळलं, तरी गेन अगदी तीन ठेवून भागत नाही. सुरुवातीला सर्किटमध्ये सिग्नल कुठून येतो? पॉवर देताना जो धक्का बसतो तो किंवा रेझिस्टरमधला नॉइज, एवढंच. ते वाढायला पाहिजे. आता A म्हणजे आपण ठेवलेला गेन धरला, तर वाढायचा वेग (A − 3) वर अवलंबून असतो, नेमकं सांगायचं तर तो (A − 3)·πf असतो. आपल्या 277 हर्ट्झला गेन 3.1 असेल तर एक मिलिव्होल्टपासून तीन व्होल्टपर्यंत जायला सेकंदाचा दहावा भागसुद्धा लागत नाही. 3.01 ला जवळपास एक सेकंद. 3.001 ला नऊ सेकंद, तेवढ्यात माणूस वैतागून स्विच बंद करतो. आणि 2.99 असेल तर सुरू झालेला स्वरसुद्धा विरत विरत मरतो. बरोब्बर तीन असं काही ठेवताच येत नाही, कारण रेझिस्टर गरम होतो, बॅटरी उतरते, काहीतरी हलतंच, आणि मग सिग्नल एकतर मरतो नाहीतर वाढत वाढत सप्लायला जाऊन आपटतो. म्हणून गेनने स्वतःच स्वतःला सांभाळायला पाहिजे, सिग्नल लहान असताना तीनच्या वर, मोठा झाला की तीनवर येऊन थांबला पाहिजे. ॲम्प्लिट्यूड स्टॅबिलायझेशन म्हणतात ते हेच.

ह्याचा सगळ्यात सुंदर उपाय बल्बचा. विल्यम ह्यूलेट यांनी 1939 साली स्टॅनफर्डच्या आपल्या थिसिसमध्ये हा वापरला, त्यातूनच पुढे ह्यूलेट-पॅकार्डचा पहिला ऑसिलेटर आला आणि डिस्नेने त्यातल्या 200बी मॉडेलचे आठ नग घेतले. गेन ठरवतात ते ब्रिजच्या दुसऱ्या बाजूचे दोन रेझिस्टर, एक आउटपुटपासून मायनस पिनला, तो फीडबॅकचा, आणि एक मायनस पिनपासून ग्राउंडला, आणि गेन येतो 1 + फीडबॅकचा भागिले ग्राउंडकडचा. बल्ब लावायचा ह्या ग्राउंडकडच्या रेझिस्टरच्या जागी. आउटपुट वाढलं की फिलामेंट तापते, तिचा रेझिस्टन्स वाढतो, गेन आपोआप उतरतो. जागा मात्र चुकवू नका, हाच बल्ब फीडबॅकच्या रेझिस्टरच्या जागी लावला तर उलटं होतं, तापेल तसा गेन वाढतो आणि आउटपुट सरळ सप्लायला धडकतं. फीडबॅकच्या जागी लावायचा असेल तर तापल्यावर रेझिस्टन्स कमी होणारा थर्मिस्टर पाहिजे. पण छोट्या ऑप-ॲम्पला बल्ब तापवायचा करंट देणं जड जातं आणि योग्य बल्ब मिळायलाही त्रास, म्हणून बॅटरीवरच्या डबीला आपण डायोड वापरू.

टीएल072 चा एक भाग, नऊ व्होल्टच्या दोन बॅटरी, एक प्लसला एक मायनसला. मायनस पिनपासून ग्राउंडला 10 के. आउटपुटपासून मायनस पिनला 15 के आणि त्याच्या सिरीजमध्ये आणखी एक 10 के, आणि ह्या दुसऱ्या 10 केच्या अंगावर दोन 1एन4148 डायोड, एकमेकांना उलटे. सिग्नल लहान असताना डायोड बंद, गेन 1 + 25/10 म्हणजे 3.5, ठणठणीत स्टार्ट होतो. डायोड पूर्ण चालू झाले असं समजा, तर उरतात 15 के, गेन 2.5. म्हणजे मधे कुठेतरी तीनवर येऊन थांबणारच, कपॅसिटर थोडे इकडेतिकडे असले तरीसुद्धा.

थांबणार किती व्होल्टला, ते काढता येतं. गेन तीन व्हायला फीडबॅकमध्ये एकूण 20 के पाहिजेत, 15 के आहेतच, म्हणजे डायोडवाला तुकडा सरासरी 5 केसारखा वागला पाहिजे. मायनस पिनवर आउटपुटचा तिसरा हिस्सा असतो आणि तो 10 केवर पडतो, तोच करंट ह्या 5 केमधून जातो, म्हणजे त्याच्यावर आउटपुटचा सहावा हिस्सा. इतक्या कमी करंटला डायोडचा ड्रॉप अर्धा व्होल्ट ते थोडा वर, त्याच्या सहापट धरा, आउटपुट तीन-साडेतीन व्होल्ट पीक.

आता कोणीतरी विचारणार, डायोडमुळे वेव्ह थोडी वाकडी होते ना, मग डायोडवाला हिस्सा लहान करूया की. बरोबर विचार आहे. 18 के आणि 4.7 के घेऊन बघा. सुरुवातीचा गेन 3.27, चालेल. डायोडवाला तुकडा आता 2 के झाला पाहिजे, त्याच्यावर आउटपुटचा पंधरावा हिस्सा, म्हणजे आउटपुट जाणार आठ व्होल्टच्या आसपास! नऊ व्होल्टच्या सप्लायवर टीएल072 साडेसातच्या पुढे काही जात नाही, मग डायोडने नीट काम करायच्या आधीच ऑप-ॲम्प वेव्ह छाटून टाकतो. सुधारायला गेलो आणि आधीपेक्षा वाईट झालं. हेच मूल्य पंधरा-पंधरा व्होल्टच्या सप्लायवर मस्त चालेल. बॅटरीवर मात्र पहिलंच ठेवा, कानाला तेवढं वाकडेपण चालतं.

ऑसिलोस्कोप नाही म्हणून अडू नका. मल्टिमीटर एसीवर ठेवा, आउटपुटला साधारण सव्वादोन-अडीच व्होल्ट आरएमएस दिसायला पाहिजे आणि प्लस पिनवर त्याचा तिसरा हिस्सा, पाऊण ते 0.8 च्या आसपास. पाच-सव्वापाच व्होल्ट किंवा वर दिसले तर डायोड जोडलेच गेले नाहीत, वेव्ह सप्लायला आपटतीये. सगळीकडे शून्य असेल तर 15 केच्या जागी 18 के टाकून बघा. सुरू झालं तर ब्रिजचे दोन कपॅसिटर जुळत नाहीत किंवा एखादा रेझिस्टर चुकीचा पडलाय. आणि तरीही शांत असेल तर प्लस पिनचा पॅरलेल रेझिस्टर खरंच ग्राउंडला गेलाय का ते बघा, दोन बॅटऱ्यांचा मधला जोड हेच आपलं ग्राउंड, आणि ब्रेडबोर्डवर नेमकी तीच वायर सुटलेली असते.