पोळीमागे दहा रुपये सुटतात, पण तासामागे किती?

नमस्कार मंडळी. मी लोकांच्या दुकानांच्या वह्या लिहिणारा माणूस, स्वयंपाकातलं मला खाण्यापुरतंच कळतं. पण हल्ली इंदूरात आपल्याकडच्या बऱ्याच बायका, आणि दोन-तीन पुरुष सुद्धा, घरून ऑर्डरी घेतात आणि मग हिशेब बघायला माझ्याकडे येतात. आज त्यातला एकच हिशेब उलगडून सांगतो, राजेंद्र नगरच्या एका वहिनींचा, त्यांना विचारूनच सांगतोय.

वहिनींच्या पुरणपोळ्यांचं सगळीकडे नाव, होळीला कुणीतरी म्हणालं 100 पोळ्या द्याल का, पैसे घ्या म्हणे. भाव काय लावायचा? त्यांनी सामानाचा अंदाज काढला, पोळीमागे साधारण 15 रुपये, वर 10 ठेवले आणि 25 सांगितले. म्हणजे हजार रुपये सुटले आणि ते पण एका दिवसात, घर बसल्या. खुश होत्या.

आधी सामान बघू, कारण तिथे त्या पक्क्या होत्या. 100 पोळ्यांना अडीच किलो हरभरा डाळ, तेवढाच गूळ, कणीक आणि मैदा मिळून दोन किलो, वेलची-जायफळ, थोडं तेल, आणि तूप. सगळ्यात महाग तूपच पडतं हो, साडेचारशे एकट्या तुपाचे. त्यात गॅसचे 100 धरलेले, डबे आणि बटर पेपरचे 200, आणि विजय नगरला पोचवायचे रिक्षाचे 130. सगळं मिळून 1500. बहुतेक लोक गॅस, डबे आणि रिक्षा सोडून देतात, वहिनींनी नाही सोडलं, म्हणून मला वाटलं हिशेब चोख आहे.

मग मी विचारलं, वेळ किती गेला? म्हणाल्या, "सकाळी बसले, दुपारी उठले."

हे उत्तर मला सगळे देतात. कारण लोकांना फक्त तव्यापुढचा वेळ आठवतो. म्हणून पुढच्या 100 च्या ऑर्डरला त्यांना एक काम दिलं, ओट्याजवळ वही टांगायची आणि प्रत्येक कामाला हात लावताना आणि सोडताना घड्याळ बघून लिहायचं, रात्री आठवून लिहायचं नाही, कारण रात्री आठवून लिहिलं की वेळ कमीच भरतो. डाळ भिजत पडलीय तो वेळ धरायचा नाही, पण पुरण आटतंय आणि ढवळायला उभं राहावं लागतंय तो पूर्ण धरायचा. हात अडकला की वेळ धरायचा, एवढा साधा नियम.

वही आली ती अशी. सियागंजला जाऊन सामान आणणं दीड तास. डाळ शिजवणं, कट काढणं, गूळ घालून आटवणं आणि पुरणयंत्रातून काढणं तीन तास, आणि इथे घाई चालत नाही, पुरणात उलथनं उभं राहिलं पाहिजे, सैल राहिलं तर पोळी तव्यावर फुटते आणि फुटलेली पोळी गिऱ्हाईकाला देता येत नाही. कणीक तिंबणं पाऊण तास. लाटणं-भाजणं एका तव्यावर साडेपाच तास, म्हणजे पोळीला तीन-सव्वातीन मिनिटं. गार करून डबे भरणं सव्वा तास, कारण गरम भरल्या की डब्यात वाफ धरते आणि पोळी ओलसर होते. ओटा-भांडी एक तास, पोचवणं एक तास, आणि फोन-व्हॉट्सॲप, "ताई अजून दहा वाढवता का", "पत्ता पुन्हा पाठवा", त्याचा एक तास.

बेरीज 15 तास. हजार भागिले 15, तासाला 66 रुपये.

वहिनी पाच मिनिटं काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अहो, यापेक्षा दुसऱ्याकडे पोळ्या लाटायला गेले असते तर!" आता छंद म्हणून कराल तर फुकट करा ना, कोण अडवतंय, पण पैसे घ्यायचे म्हणता तर तासाचा आकडा बघायलाच लागतो.

मग भाव उलटीकडून काढला. तासाला किती मिळायला पाहिजेत असं विचारलं, वहिनी म्हणाल्या निदान 150. 15 तासांचे 2250, सामानाचे 1500, झाले 3750, म्हणजे पोळीला साडेसदतीस, चार-पाच फुटतात त्या धरून 40. हा झाला खालचा भाव, याच्याखाली जायचं नाही. वरचा भाव बाजार ठरवतो, आजूबाजूला 30 ला विकणारे असतील आणि तुमच्या पोळीत लोकांना फरक दिसत नसेल तर 40 कुणी देणार नाही, मग तो पदार्थ सोडून दुसरा बघावा लागतो, उगाच ओढत बसू नये. वहिनींना 40 मिळाले. दुसरा तवा घेतला तेव्हा एक भाजेपर्यंत दुसरी लाटून दुसऱ्या तव्यावर पडते, साडेपाचचे साडेतीन तास झाले, म्हणजे एकूण 13, आणि तासाला 190 च्या आसपास पडायला लागले. 15 रुपयांच्या भाववाढीच्या वर त्या एका तव्याने अजून भर घातली.

आता खरी गंमत पुढे आहे. नाव झालं तशा छोट्या ऑर्डरी यायला लागल्या, 20 पोळ्या, 15 पोळ्या. भाव तोच 40. वहीत बघितलं तर 20 पोळ्यांच्या ऑर्डरला सहा तास जात होते! लाटणं कमी होतं, तासाभरात उरकतं, पण बाजार, भांडी, रिक्षा, फोन हे काही पोळ्यांच्या हिशेबाने कमी होत नाही. 800 रुपये आले, त्यातले सामान आणि रिक्षा मिळून 400 च्या वर गेले, उरले 396. भागिले सहा, परत तेच 66. भाव वाढवून सुद्धा तिथेच!

म्हणून त्यांनी 20 वाल्यांना भाव वाढवून सांगितला नाही, दिवस ठरवून दिला. छोट्या ऑर्डरी फक्त गुरुवारी, पाच-सहा घरांच्या एकत्र, पुरण एकदाच, भांडी एकदाच, आणि येऊन घेऊन जायचं, पोचवायचं तर रिक्षा वेगळी. अर्धे पैसे आधी, कारण डाळ भिजली की ती परत कोरडी होत नाही, कुणी आदल्या रात्री नाही म्हटलं तर आणलेला माल अंगावर येतो.

पहिल्या ऑर्डरीबद्दल एक. ओळखीचे लोक असतात, सूट द्यावीशी वाटते, द्या. पण चिठ्ठीवर 40 लिहा आणि खाली ओळखीची सूट म्हणून 8 वजा करा. नुसते 32 सांगितलेत तर त्या घरात तुमचा भाव कायमचा 32, आणि त्यांनी ज्यांना नंबर दिला त्यांच्याकडे पण 32.

तिकडे मागे कॅमेरावाले बसलेत, तुमचं थोडक्यात सांगतो. मुंजीचं काम घेता, कार्यालयात चार तास, म्हणून चार तासांचे पैसे मागता. पण मग हजारेक फोटोंतून निवडणं, 200 फोटो प्रत्येकी तीन मिनिटं म्हटलं तरी एडिटिंगचेच दहा तास, आणि "माझ्या मावशीचा फोटो कुठे आहे" हे वेगळंच. सगळ्यात जास्त वेळ खाणारा तुमचा तवा म्हणजे एडिटिंग. तेव्हा भाव सांगतानाच किती फोटो एडिट करून देणार आणि किती वेळा बदल करणार ते लिहून द्या, त्यापुढे फोटोमागे वेगळे पैसे.

आणि हो, कटाची आमटी. कट वहिनी आधी मोलकरणीला द्यायच्या, आता गुरुवारवाल्यांना आमटीचा डबा 60 ला देतात, ती करायला अर्धा तास जातो, आणि वहीत तासाच्या कमाईत सगळ्यात वर तीच आहे.