बटणांच्या खेळातून मूल मोजायला शिकलं का? पेपर न घेता असं ओळखा

नमस्कार! चार-पाच वर्षांची मुलं बटणं मोजण्याचा खेळ खेळली. आता त्यांना मोजणी आली का, हे कसं बघायचं? मूल एक ते दहा घडाघडा म्हणतं म्हणून त्याला मोजता येतं, असं धरू नका. ते नुसतं पाठही असू शकतं.

सात बटणं ओळीत मांडा आणि विचारा, "किती आहेत?" आता मुलाच्या बोटाकडे आणि तोंडाकडे एकदम लक्ष ठेवा. बोट चौथ्या बटणावर आणि तोंडात "सहा" असेल, तर एका बटणाला एकच अंक, ही जोडी अजून जमलेली नाही. जमली असेल, तर तीच सात बटणं पसरून ठेवा. पुष्कळ मुलं इथे गडबडतात, कारण कुठलं मोजून झालं ते लक्षात राहत नाही. मोजलेलं बटण मूल आपणहून बाजूला सरकवतंय का, ते नक्की बघा.

मोजून झालं की लगेच विचारा, "मग किती झाली?" मूल पुन्हा "एक, दोन..." सुरू करत असेल, तर शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या, हे त्याला अजून उमगलेलं नाही. पण "सात" म्हणालं तरी थांबू नका, कारण शेवटचा शब्द परत म्हणायची नुसती सवयही लागते.

म्हणून उलटं करा. वाटीत पंधरा बटणं ठेवा आणि म्हणा, "या ताटलीत पाच काढ." एखादं मूल मूठभर उचलून टाकतं. त्याला तीन काढायला सांगा, मग दोन. कुठपर्यंत बरोबर येतं, ती त्याची आजची पायरी. पाच काढल्यावर बरोबर असो वा चूक, "मोजून बघ बरं," म्हणा. चूक स्वतः सुधारणारं मूल बरंच पुढे आलेलं असतं.

इथे मोठी माणसंच घोटाळा करतात. पाचवं बटण पडताच आपली मान हलते, आणि मूल बटणांऐवजी आपल्या चेहऱ्याकडे बघून थांबतं. तेव्हा नजर ताटलीवरच ठेवा. शेजारी दुसरं मूल नको, ते उत्तर पुरवतं. दोन दिवसांनी हेच खड्यांवर करून बघा. बटणांवर जमलं आणि खड्यांवर फसलं, तर शिकणं अजून पक्कं नाही.

एका दिवशी तीन-चार मुलंच बघा, आणि जे दिसलं तेच लगेच लिहा. "मोजणीत कच्ची" या शेऱ्यावरून पुढे काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी लिहा: "ओळीत ७ बरोबर. पसरल्यावर ८ म्हणाली, निळं बटण दोनदा मोजलं." या मुलीला अंक पुन्हा घोकायला लावायची गरज नाही. उद्या तिला दोन ताटल्या द्या, आणि मोजलेलं बटण एकीतून दुसरीत टाकायला सांगा.