दिवसा न दिसणारा जाळ

[दृश्य: भर उन्हातला शर्यतीचा रस्ता. इंधन भरण्याची जागा रिकामी.]

२४ मे १९८१. अमेरिकेतली इंडियानापोलिस ५०० ही मोटारशर्यत. ५८ वी फेरी. रिक मिअर्स इंधन भरायला गाडी थांबवतो. नळी टाकीला नीट बसायच्या आधीच तिच्यातून इंधन उसळतं, तापलेल्या इंजिनावर पडतं आणि पेट घेतं. पण पाहणाऱ्यांना दिसतं ते इतकंच, की माणसं एकाएकी हातपाय झाडायला लागली आहेत, अंगावरून काहीतरी झटकू पाहत आहेत. जाळ नाही. धूर नाही. शेवटी मिअर्सच्या वडिलांनी अग्निशामक हातात घेतला आणि मुलाच्या अंगावरची आग विझवली. चेहरा भाजला होता.

ते इंधन होतं मेथेनॉल, एक प्रकारचं अल्कोहोल. गंमत अशी, की मेथेनॉल तिथे आलं तेच सुरक्षिततेसाठी. १९६४ च्या शर्यतीत पेट्रोलचा भीषण भडका उडाला होता, त्यानंतर मेथेनॉल रुळलं. त्याची आग पाण्याने विझवता येते आणि काळ्या धुराने मागच्या चालकाची वाट आंधळी होत नाही. धूर नाही हा त्याचा गुण. पण धूर करणारी काजळीच ज्योतीला उजेडही देते. ती गेली, की जाळ दिसेनासा होतो.

[दृश्य: अंधारी खोली. मेणबत्ती आणि शेजारी स्पिरिटचा दिवा. पांढरी चिनी मातीची बशी आधी मेणबत्तीच्या ज्योतीत धरली जाते, मग स्पिरिटच्या.]

मेणबत्तीच्या ज्योतीत बशी धरली, की काही क्षणांत तिच्यावर काळा डाग उमटतो. ही काजळी, म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण. मेणाची वाफ ज्योतीत तापते, तुटते आणि हवा पुरेशी मिळायच्या आधी तिच्यातला कार्बन एकत्र येऊन कण बनवतो. हे कण तापून पिवळे चमकतात. आपण ज्याला मेणबत्तीचा उजेड म्हणतो, तो जवळजवळ सगळा या कणांचाच असतो. ते ज्योतीच्या टोकापर्यंत पोचतात आणि तिथे जळून जातात. बशी मध्ये आली म्हणून या वेळी वाचले.

आता तीच बशी स्पिरिटच्या ज्योतीवर. थोडी ओल धरते, गरम होते, पण पांढरीच राहते. दिव्यातलं स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथेनॉल, तेही अल्कोहोलच. अशा अल्कोहोलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो आणि कार्बन अगदी थोडे. मेथेनॉलमध्ये तर एकच कार्बन, त्यामुळे कार्बनला कार्बन जोडलेला नसतोच. इथेनॉलमध्ये दोन, म्हणून त्याच्या ज्योतीच्या शेंड्याला कधीकधी पिवळी झाक दिसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तीन, त्याची ज्योत आणखी पिवळी. काजळी बनायला जे जुळावं लागतं, ते मेथेनॉलमध्ये जवळपास जुळतच नाही.

मग उरतो तो फिका निळा रंग. तो तापलेल्या कणांचा नव्हे, तर ज्वलनाच्या मधल्या टप्प्यावर क्षणभर अस्तित्वात येणाऱ्या रेणूंच्या तुकड्यांचा. हा प्रकाश खराच असतो, पण फार मंद. त्यातला काही प्रकाश तर अतिनील भागात जातो, तो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही.

[दृश्य: तीच ज्योत. खोलीतले पडदे हळूहळू उघडतात. निळी ज्योत विरत जाते आणि नाहीशी होते. वात मात्र तशीच.]

दिवा विझलेला नाही. फक्त पडदे उघडले. दिवसा आकाशातल्या चांदण्या जशा असून नसतात, तसंच हे. डोळ्याला वस्तू दिसते ती मागच्या पार्श्वभूमीशी असलेल्या फरकामुळे. उन्हात न्हालेल्या पांढऱ्या भिंतीपुढे या निळ्या प्रकाशाची भर इतकी थोडी असते, की फरक जाणवतच नाही. खिडकीजवळचं प्रयोगाचं टेबल, स्टीलचा चकचकीत ट्रे किंवा पांढरी फरशी असेल, तर अशी आग लपायला याहून सोयीची जागा नाही.

डोळे फसले तरी त्वचा सांगेल, असं वाटतं. तिथेही गडबड आहे. तापलेली काजळी उष्णतेचे किरणही चहूकडे फेकते, म्हणून लाकडाची शेकोटी चार हातांवरूनही तापवते. स्पिरिटची ज्योत बाजूला फार कमी उष्णता फेकते. ती थंड नसते, तिची बहुतेक उष्णता तापलेल्या वायूंबरोबर सरळ वर जाते. त्यामुळे शेजारी हात असेल तर विशेष काही जाणवत नाही, आणि वर गेला की तो लगेच भाजतो.

[दृश्य: स्पिरिटचा दिवा जवळून. काचेचं भांडं, वात, बाजूला टोपण. मागे मोठी बाटली.]

आता हा प्रसंग पाहू. असा प्रसंग प्रयोगशाळांत आणि विज्ञानाच्या खेळांत पुन्हा पुन्हा घडलाय. दिव्यातलं स्पिरिट संपत आलंय, ज्योत लहान झालीय, खोलीत ऊन आहे. कोणीतरी म्हणतं, "विझला वाटतं." दुसरा मोठी बाटली उचलतो आणि वरून ओततो.

पुढे काय होतं, ते बाटलीच्या आत बघितल्याशिवाय कळत नाही. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी वाफ आणि हवा यांनी भरलेली बाटली. इथेनॉलची वाफ हवेत साधारण ३.३ ते १९ टक्के असली, तर मिश्रण पेटतं. त्याहून कमी असेल तर वाफ अपुरी, जास्त असेल तर हवा अपुरी. आणि २० अंश सेल्सियसला इथेनॉलच्या पृष्ठभागावर वाफेचं प्रमाण सुमारे ६ टक्के असतं, ३० अंशांना सुमारे १० टक्के. म्हणजे साध्या खोलीच्या तापमानाला बाटलीतली मोकळी जागा पेटायला अगदी तयार असते. पेट्रोलच्या बंद डब्यात याच तापमानाला सहसा उलटं असतं: वाफ इतकी दाट, की आत हवाच पुरत नाही. हे ऐकून बरेच जण चकित होतात. पेट्रोलला आपण घाबरतो आणि स्पिरिटला सौम्य समजतो, पण बाटलीच्या आत पेटण्याच्या बाबतीत स्पिरिट अधिक बेभरवशाचं.

तर, न दिसणारी ज्योत ओतल्या जाणाऱ्या धारेवरची वाफ पकडते, वर चढते आणि बाटलीच्या तोंडातून आत शिरते. आतली वाफ क्षणात पेटते, दाब वाढतो. बाहेर पडायला वाट एकच, ते तोंड. त्यातून पेटलेलं द्रव बाहेर फेकलं जातं, सरळ रेषेत, कधी कित्येक फूट लांब. बाटलीचं तोंड ओतणाऱ्यापासून पलीकडे असतं, म्हणून तडाखा बसतो तो समोर उभ्या असलेल्याला.

सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या एका शाळेत नेमकं हेच झालं. प्रात्यक्षिकात मेथेनॉल हवं तितकं पेटत नव्हतं, म्हणून चार लिटरच्या बाटलीतून आणखी ओतलं गेलं. पेटलेली धार सुमारे १२ फूट गेली आणि विद्यार्थ्याच्या छातीवर आदळली. त्याच महिन्यात नेवाडातल्या रेनो इथल्या एका संग्रहालयात अशाच प्रात्यक्षिकात १३ जण भाजले. त्यानंतर अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने काढलेल्या पत्रकाचा रोख साधा होता: प्रेक्षकांसमोर मोठी बाटली आणूच नका, लागेल तेवढंच द्रव छोट्या भांड्यात आणा.

[दृश्य: तळहातावर सॅनिटायझर. हात चोळले जातात. जवळच धातूचं दार.]

सॅनिटायझरचं गणित याच वाफेचं आहे, फक्त प्रमाण लहान. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाककृतीत ८० टक्के इथेनॉल असतं, आणि त्याचा फ्लॅश पॉइंट सुमारे १७.५ अंश. म्हणजे त्याहून उबदार हवेत पृष्ठभागावरची वाफ ठिणगीने पेटू शकते. त्यात साधारण पाचवा हिस्सा पाणी असलं तरी त्याने फारसं काही अडत नाही.

एका वेळी हातावर तीन मिलिलिटर घेतलं असं धरू. त्यात साधारण १.९ ग्रॅम इथेनॉल. ते पूर्ण जळलं तर सुमारे ५० किलोज्यूल उष्णता निघते, म्हणजे दीडशे मिलिलिटर साधं पाणी उकळीला आणण्याइतकी. यातली बरीच उष्णता वर निघून जाते, तरी तळहातावर राहते ती कातडी सोलायला पुरते.

हात ओले असताना लायटर, गॅसची शेगडी किंवा सिगारेट कोणीही टाळेल. कमी लक्षात येते ती स्थिर विजेची ठिणगी. २००२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात अशी नोंद आली: आरोग्य कर्मचाऱ्याने हातावर अल्कोहोलचं जेल लावलं, पॉलिस्टरचा गाऊन काढला आणि हात सुकायच्या आधीच धातूच्या दाराला स्पर्श केला. ठिणगी उडाली आणि हातावर आग लागली. असे प्रसंग विरळ आहेत. पण २० ते ३० सेकंद हात पूर्ण कोरडे होईपर्यंत चोळायची सूचना असते, ती नुसती जंतूंसाठी नाही.

[दृश्य: उन्हात मेटल ट्रेमध्ये स्पिरिटचा पातळ थर. जळतोय की नाही, सांगता येत नाही. मागच्या भिंतीवर सावली थरथरते.]

मग कळायचं कसं? ज्योत दिसत नाही, पण तिने तापवलेली हवा दिसते. मागची रेषा, खिडकीची चौकट, भिंतीवरची फरशीची सांध, काहीही थरथरताना दिसलं, की तिथे गरम हवा आहे. ऊन तिरपं पडत असेल तर भिंतीवर हलती सावलीसुद्धा उमटते. जाळ स्वतः दिसत नसताना त्याची सावली दिसते, ही प्रकाशाची खोड. खात्री करायची असेल तर लांब चिमट्यात कागदाची पट्टी धरून वरच्या बाजूने हळूच न्यायची. हात नव्हे. आणि शक्य असेल तर आधी खोली अंधारी करून बघायचं.

दिवा विझवायचा तो टोपणाने, फुंकर मारून नव्हे. टोपण ठेवल्यावर एकदा उचलून पुन्हा बसवायचं, म्हणजे आतल्या थंड होणाऱ्या हवेने ते काचेला घट्ट ओढून धरलं जात नाही. दिवा थंड झाल्याशिवाय आणि ज्योत विझल्याची खात्री केल्याशिवाय स्पिरिट भरायचं नाही. भरताना नरसाळं वापरायचं, आणि भांड्याच्या दोन तृतीयांशांपलीकडे भरायचं नाही, म्हणजे गरम झाल्यावर ते वातीकडून उतू जात नाही. अगदी रिकामं होईपर्यंतही जाळायचं नाही, कारण जितकी मोकळी जागा मोठी, तितकं आतलं पेटाऊ मिश्रण जास्त.

ट्रेमध्ये सांडलेलं पेटलं, तर ओलं फडकं किंवा झाकण अलगद वर टाकून हवा तोडायची. पेटलेल्या हातावरही तेच, नाहीतर हात थेट वाहत्या पाण्याखाली. अल्कोहोल पाण्यात मिसळतं, त्यामुळे पाणी इथे खरोखर उपयोगी पडतं, पण भरपूर लागतं. नुसता शिपका मारला तर जळतं द्रव टेबलभर पसरतं आणि ते कुठवर गेलं, हेही दिसत नाही.